किडनीचा चॅप्टर: सोळा पानं, चार तास आणि सकाळी पाटी कोरी

निंबोळी · सोमवार, रात्री ११:४२

एमबीबीएस पहिलं वर्ष, नागपूर. गाव गोंदियाकडचं, दहावीपर्यंत मराठी माध्यम. फिजिऑलॉजीत सध्या किडनी चालू आहे आणि मी अडकलेय ती लघवी दाट किंवा पातळ कशी होते त्या चॅप्टरवर.

काल संध्याकाळी सात ते अकरा बसले. सोळा पानं शब्दन् शब्द वाचली. पिवळा हायलायटर संपला म्हणून गुलाबी घेतला. वाचताना सगळं कळत होतं, खरंच. आज सकाळी मेसमध्ये पोह्यांच्या रांगेत मैत्रिणीने सहज विचारलं, "काउंटर करंट म्हणजे नेमकं काय गं?" मी म्हटलं, "अगं ते मेड्युलात खारट असतं ना..." आणि गाडी तिथेच थांबली. पुढे एक शब्द नाही.

शुक्रवारी टेस्ट आहे. असे जाड चॅप्टर वाचायची काही रीत असते का? की माझंच डोकं चालत नाही?

---

बर्डीवाला · सोमवार, रात्री ११:५८

बाई, शब्दन् शब्द काऊन वाचून राहिली तू? मी चार वर्षांपासून स्पर्धा परीक्षा करून राहिलो, माझा फॉर्म्युला सांगतो. हेडिंग वाचायचे, ठळक अक्षरातले शब्द वाचायचे, आकृत्या पाहायच्या, शेवटचा सारांश वाचायचा. झाला चॅप्टर. अर्थशास्त्राचा तीस पानांचा धडा मी चाळीस मिनिटांत काढतो. बाकी सगळा मसाला असतो, पुस्तक जाड दिसावं म्हणून भरलेला.

---

वर्धा रोडचे काका · मंगळवार, सकाळी ६:१५

निंबोळी बाळ, किडनीचं वाचून काळजी वाटली. मला दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता. डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला सांगितलं. नागपूरच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका, मे महिन्यात दुपारी बाहेर पडलो की दिवसभरात जेमतेम एकदा लघवीला होतं, तेही गडद. तू पाणी किती पितेस? होस्टेलचं पाणी कसं आहे?

---

निंबोळी · मंगळवार, सकाळी ७:०२

काका, माझी किडनी ठीक आहे :) अभ्यासाबद्दल विचारत होते. पण काळजी केलीत, छान वाटलं.

---

आरामखुर्ची · मंगळवार, दुपारी ३:२०

हा विषय मी बरीच वर्षं शिकवला, आता निवृत्त आहे. कूलरसमोर बसून सविस्तर लिहिते.

आधी बर्डीवाल्यांचं. त्यांनी सांगितलं ते अर्धं अगदी बरोबर आहे, फक्त ते पहिल्या मजल्यालाच घर समजून बसलेत. वाचण्याआधी चॅप्टर वरून फिरून यायचा, ही जुनी आणि चांगली पद्धत आहे. अमेरिकेत फ्रान्सिस रॉबिन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये ती पाच पायऱ्यांत मांडली: वरून पाहा, प्रश्न काढा, वाचा, न बघता सांगा, पुन्हा पडताळा. बहुतेक मुलं पहिल्या आणि तिसऱ्या पायरीवर वेळ घालवतात. दुसरी आणि चौथी कंटाळवाणी असते, म्हणून वगळतात. आणि सगळी गंमत त्या दोघींतच आहे.

तुझाच चॅप्टर घेऊ.

पहिला फेरा दहा मिनिटांचा, घड्याळ लावून. पेन हातात नको, हायलायटर तर नकोच. मथळे वाच, मग फक्त आकृत्या आणि त्यांच्याखालचा मजकूर, मग शेवटचे प्रश्न. परिच्छेद वाचायला लागलीस की थांब. या फेऱ्यात तुला एवढंच कळायला हवं की किडनीच्या आतल्या भागात, म्हणजे मेड्युलात, वरून खाली जाताना ३००, ६००, ९००, १२०० असे खारटपणाचे आकडे लिहिलेत, आणि अख्खा चॅप्टर हे आकडे कसे तयार होतात आणि कसे टिकतात याबद्दल आहे. अकरावीच्या जीवशास्त्रात हे थोडक्यात वाचलंच असशील. त्याची इथे उजळणी करून घे, फार उपयोग होतो.

दुसरा फेरा प्रश्नांचा. इथे पोरं चुकतात. मथळा असतो "काउंटर करंट मल्टिप्लायर" आणि वहीत प्रश्न येतो "काउंटर करंट मल्टिप्लायर म्हणजे काय?" हा प्रश्नच नाही, मथळ्याला लावलेलं प्रश्नचिन्ह आहे. त्याचं उत्तर म्हणजे व्याख्या, आणि व्याख्या पाठ होते, कळत नाही. आकृतीकडे बघून काहीतरी खटकलं पाहिजे. म्हणजे असं: हेन्लेचा लूप म्हणजे किडनीतली यू आकाराची नळी, तिच्या चढत्या बाजूचा पंप आतलं आणि बाहेरचं यात एका वेळी साधारण २०० मिलीऑस्मोलचाच फरक करू शकतो. मग तळाशी १२०० कुठून आले?

हा प्रश्न डोक्यात घेऊन ती तीन पानं वाच. चार तासांत जे हाती लागलं नाही ते अर्ध्या तासात लागेल. एका चॅप्टरला असे चार-पाच प्रश्न पुरे. वीस काढलेस तर तो नवा चॅप्टर झाला.

---

निंबोळी · मंगळवार, दुपारी ४:१०

सर, हा प्रश्न मला परवाच्या चार तासांत पडलाच नाही! २०० चा आकडा मी गुलाबी केलाय, १२०० पिवळा केलाय. दोघांची भेट नाही घातली.

---

आरामखुर्ची · मंगळवार, दुपारी ४:१८

सर नव्हे, मॅडम. पण "भेट नाही घातली" हे झकास. आता वाच, आणि पुस्तक मिटून मग इथे लिही. उघडं ठेवून लिहिलंस तर मला लगेच कळेल.

---

बर्डीवाला · मंगळवार, संध्याकाळी ६:३५

मॅडम, मान आहे तुमचा, पण आमच्याकडे चार पर्याय असतात. उत्तर समोर छापलेलं असतं, फक्त ओळखायचं. तिथे एवढं खोदून काय करू? पोट्ट्यांकडे वेळ कुठे आहे?

---

कोर्टाची पायरी · मंगळवार, संध्याकाळी ७:५०

माझा वेगळाच लोचा आहे. एलएलबी करतोय, आम्हाला निकालपत्रं वाचायला लावतात. साठ पानं, मथळा एकही नाही, नुसते परिच्छेदांचे नंबर. वरून फिरून काय बघू? म्हणून मी शेवटून सुरू करतो. आधी आदेश काय झाला ते वाचतो, मग "हा माणूस जिंकला, पण कशाच्या जोरावर?" असा एकच प्रश्न घेऊन मागे येतो. ही तीच रीत झाली की दुसरी, मला माहीत नाही, पण झोप येत नाही एवढं खरं.

---

आरामखुर्ची · मंगळवार, रात्री ८:३०

कोर्टाची पायरी, तीच रीत. मथळे नसतील तिथे शेवट हाच मथळा.

बर्डीवाले, तुमचा मुद्दा मी उडवून लावत नाही. नुसतं ओळखायचं असेल तर कमी खोलीवर भागतं. पण एक प्रयोग सांगते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींना पुन्हा पुन्हा वाचू दिलं, काहींना कागद काढून घेऊन आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणारे पुढे गेले. तुमच्या चाळीस मिनिटांनंतर लगेच जे वाटतं ते पाच मिनिटांवालं आहे. निंबोळीला परवा रात्री अकराला तेच वाटत होतं, पोह्यांच्या रांगेत उतरलं.

---

निंबोळी · मंगळवार, रात्री १०:५५

मॅडम, पुस्तक मिटून लिहितेय, शपथ:

"हेन्लेच्या लूपमध्ये मीठ आणि पाणी शोषलं जातं, त्यामुळे मेड्युला खारट होते. उतरत्या आणि चढत्या बाजूत प्रवाह उलट दिशेने असल्याने हा परिणाम वाढत जातो आणि १२०० पर्यंत पोहोचतो. एडीएच हे हार्मोन असेल तर लघवी दाट होते."

वहीत चित्रही काढलंय, दोन्ही बाजूंनी बाहेर जाणारे बाण आहेत, मिठाचे लाल, पाण्याचे निळे.

---

आरामखुर्ची · मंगळवार, रात्री ११:२०

प्रामाणिकपणे लिहिलंस म्हणून चूक दिसली. तुझी पहिली ओळ वाच: "मीठ आणि पाणी शोषलं जातं." कोणत्या बाजूला मीठ, कोणत्या बाजूला पाणी? वाक्य गोल गोल आहे, म्हणून चूक लपली. चित्रात ती उघडी पडली, कारण बाण कुठेतरी काढावाच लागतो. चढत्या बाजूलाही तू निळा बाण काढलास ना? चढती बाजू पाणी सोडतच नाही.

आता तो बाण तसाच ठेवून स्वतःला विचार: मिठामागून पाणीही बाहेर गेलं तर आत-बाहेर फरक उरेल का?

---

निंबोळी · मंगळवार, रात्री ११:४१

नाही उरणार. दोन्हीकडे सारखंच होईल. म्हणजे २०० चा फरकच तयार होणार नाही आणि पुढचं सगळंच कोसळलं. अरे देवा. मी हे वाक्य पुस्तकात पिवळं केलं होतं.

---

आरामखुर्ची · बुधवार, सकाळी १०:०५

सकाळच्या चहानंतर आकड्यांनी करून दाखवते, कारण हा चॅप्टर आकडे हाताने हलवल्याशिवाय बसत नाही.

सुरुवातीला सगळीकडे ३००. चढत्या बाजूच्या पंपाने मीठ बाहेर टाकलं: आत २००, बाहेर ४००. उतरती बाजू पाणी सोडते, म्हणून तिच्यातलं पाणी बाहेर गेलं आणि तीही ४०० झाली. आता वरून नवा ३०० चा द्रव आला आणि त्याने तो ४०० वाला पुढे ढकलून वळणावरून चढत्या बाजूत नेला. पंप पुन्हा चालला. पण या वेळी तळाशी त्याची सुरुवात ४०० पासून आहे, तेव्हा बाहेर ५०० होतात. फरक तेवढाच २०० चा, पायरी मात्र एक वर सरकली. असंच करत करत तळाशी १२००. तुझ्या "हा परिणाम वाढत जातो" या चार शब्दांच्या पोटात एवढं सगळं होतं.

आणि पंप सगळं एकट्याने करतो असं नाही. आतल्या मेड्युलाच्या खारटपणात युरियाचा मोठा वाटा असतो. तो भाग पुढच्या दोन पानांवर आहे. त्याला वेगळा प्रश्न काढ, यात कोंबू नकोस.

सारांश लिहून झाला की त्याला एक धक्का देऊन बघायचा. फ्युरोसेमाइड हे औषध नेमका तो चढत्या बाजूचा पंप अडवतं. तुझ्या तीन ओळींवरून सांग, रुग्णाला भरपूर एडीएच असलं तरी लघवीचं काय होईल? सांगता आलं तर सारांश जिवंत आहे. नाही आलं तर तू मथळ्याची वाक्यं केलीस.

---

वर्धा रोडचे काका · बुधवार, सकाळी ११:३०

मला निम्मं कळलं नाही, पण एक विचारू का? उन्हाळ्यात मी पाणी कमी प्यायलो तरी थोडी का होईना लघवी होतेच. शरीर एवढं हुशार आहे तर पाण्याच्या टंचाईत ती पूर्ण बंद का करत नाही?

---

आरामखुर्ची · बुधवार, दुपारी १२:१५

काका, धागा वाचणाऱ्या पोरांनी काढायला हवा होता तो प्रश्न तुम्ही काढलात. निंबोळी, उत्तर तू दे. पुस्तक न उघडता.

---

निंबोळी · बुधवार, दुपारी १:५०

प्रयत्न करते. काका, रोज साधारण ६०० मिलीऑस्मोल टाकाऊ माल शरीराला लघवीतून बाहेर टाकावाच लागतो. किडनी लघवी जास्तीत जास्त १२०० पर्यंत दाट करू शकते, कारण मेड्युलाच्या तळाशी तेवढाच खारटपणा आहे. ६०० भागिले १२०० म्हणजे अर्धा लिटर. तेवढं पाणी गेल्याशिवाय माल बाहेर जाणारच नाही. म्हणून कितीही तहान असली तरी किमान अर्धा लिटर लघवी व्हायला हवी.

मॅडम, हा अर्धा लिटरवाला आकडा मी रविवारी वाचला होता आणि "पाठ करणे" असं बाजूला लिहिलं होतं. आता पाठ करायची गरजच नाही, भागाकारच आहे.

फ्युरोसेमाइडचं: पंप बंद म्हणजे २०० चा फरक नाही, फरक नाही म्हणजे पायऱ्या नाहीत, मेड्युला हळूहळू ३०० कडे येईल. एडीएच पाण्याला दार उघडेल, पण पलीकडे खारट काही नाही, मग पाणी जाईल कशाला? लघवी भरपूर आणि ३०० च्या आसपास?

---

आरामखुर्ची · बुधवार, दुपारी २:०५

बरोबर. आणि पातळही करता येणार नाही, कारण मीठ काढून द्रव पातळ करणारा पंपही तोच होता. हे सुटलं होतं, जोडून घे.

काका, अर्धा लिटर हे गणित आहे, सल्ला नाही. मुतखड्याला पाणी किती प्यायचं ते तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेच.

---

पानगळ · बुधवार, संध्याकाळी ५:४०

एक शंका. मी नर्सिंगला आहे. प्रश्न आधी काढून वाचलं की माझी नजर फक्त त्या उत्तरावर जाते, बाकी पानावर काय होतं ते आठवतच नाही. मागच्या परीक्षेत नेमकं बाकीचंच आलं. हे कोणाला होतं का?

---

आरामखुर्ची · बुधवार, रात्री ९:१०

होतं. ही या पद्धतीतली खरी भेग आहे आणि तिच्यावर माझ्याकडे पूर्ण इलाज नाही. मी करायला लावायचे ते एवढंच: प्रश्नाचं उत्तर सापडलं की विभाग पुन्हा एकदा भरभर बघायचा आणि स्वतःला विचारायचं, "माझ्या प्रश्नात न बसलेलं इथे काय उरलं?" निंबोळीच्या किडनीच्या चॅप्टरमध्ये व्हासा रेक्टा असा उरतो. त्या रक्तवाहिन्या मेड्युलातून जातात, मग रक्त सगळं मीठ धुऊन का नेत नाही, हा प्रश्न पहिल्या फेरीत कोणालाच पडत नाही. तो दुसऱ्या फेरीतच हाती लागतो.

---

बर्डीवाला · बुधवार, रात्री १०:२५

मॅडम, आज करून पाहिलं. चलनवाढीचा धडा घेतला, तीन प्रश्न काढले, पुस्तक मिटलं. चाळीस मिनिटांत जो धडा "झाला" म्हणत होतो, त्याचं अर्धं पानही लिहिता आलं नाही. बाप्पा. पण एक सांगतो, वेळ दुप्पट लागला. तीस धडे बाकी आहेत. सगळ्यांना हे जमणार नाही, मी फक्त जे दरवर्षी येतात त्यांनाच लावणार. बाकीचे माझ्या जुन्या पद्धतीनेच.

---

आरामखुर्ची · बुधवार, रात्री १०:४०

हरकत नाही. सोपा, गोष्टीसारखा धडा असेल तर एवढा खटाटोप मीही करत नाही.

---

निंबोळी · शुक्रवार, संध्याकाळी ६:१५

टेस्ट झाली. हिशोब देते. वरून फिरणं बारा मिनिटं, पाच प्रश्न काढायला वीस, कारण पहिले तीन "म्हणजे काय"वालेच निघाले आणि खोडावे लागले. वाचन दोन-दोन, तीन-तीन पानं करत, प्रत्येक तुकड्यानंतर पुस्तक मिटून दोन ओळी, सगळं मिळून पावणेदोन तास. मग कोऱ्या कागदावर चित्र. काल सकाळी तेच चित्र पुन्हा काढलं, दहा मिनिटं. एकूण अडीच तासांच्या आतबाहेर. पण मी हा चॅप्टर रविवारी एकदा घासलेला होता, त्यामुळे हा वेळ खरा धरू नका.

एक गोष्ट वेगळी केली. तुकड्यानंतरच्या दोन ओळी मी मराठीत लिहिल्या. "चढती बाजू पाण्याला दार बंद" असं. इंग्रजीत लिहिलं की पुस्तकातलंच वाक्य हातातून येतं आणि मला वाटतं की मला कळलं. मराठीत पुस्तकाचं वाक्य उपलब्धच नाही, म्हणून स्वतःचं करावं लागतं. शेवटचा सारांश मात्र इंग्रजीत, पेपरसाठी.

पेपरात लघवी दाट होण्याची प्रक्रिया आली होती, बरी गेली. तोंडीत विचारलं, एडीएच अजिबात नसेल तर लघवी किती पातळ होईल? ५० च्या आसपास, हे सांगितलं. पुढचं विचारलं, "मग अशा माणसाच्या मेड्युलाचा खारटपणा तेवढाच राहील का?" तिथे अडकले.

---

पानगळ · शुक्रवार, संध्याकाळी ७:००

मराठीत लिहायचं पटतंय पण धोका वाटतो. तोंडी परीक्षेत इंग्रजी शब्द वेळेवर सुचले नाहीत तर? आमच्या बॅचमध्ये एकीचं असंच झालं.

---

आरामखुर्ची · शुक्रवार, रात्री ८:४५

दोन्ही बाजूंचे विद्यार्थी मी पाहिलेत, त्यामुळे यावर निकाल देत नाही.

निंबोळी, शेवटच्या प्रश्नाचं: नाही, कमी होईल. का, ते मी सांगत नाही. युरियाची ती दोन पानं तू वाचलीस पण त्यांना प्रश्न काढला नव्हतास, बरोबर?

---

निंबोळी · शुक्रवार, रात्री ८:५२

नव्हता काढला. काढते आता.

---

वर्धा रोडचे काका · शनिवार, सकाळी ६:०५

निंबोळी बाळ, युरियाचं कळलं की मलाही सांग. सकाळी फिरायला जाताना मित्रांना तो अर्ध्या लिटरचा भागाकार सांगितला, आता ते पुढचं विचारून राहिले आहेत.